मालकीणबाईंचा पासपोर्ट

शेठ भाषांतरकार बाईंच्या टेबलासमोर पाय पसरून बसले होते. परदेशात कंपनीचं खातं उघडायचं होतं आणि बाई बँकेच्या फॉर्मची प्रत्येक ओळ समजावत बसल्या होत्या, म्हणजे शेठच्या मते निव्वळ खोळंबा.

"मालक म्हणून माझं नाव टाका आणि मोकळ्या व्हा. हिला यातलं काय कळतंय?"

ही म्हणजे शेजारी बसलेली बायको. बाईंचं डोकं सटकलं, पण आवाज गोड राहिला.

"कंपनीची कागदपत्रं मीच भाषांतरित केलीत, शेठ. सगळे शेअर यांच्या नावावर, संचालकही या एकट्याच."

"ते महिला उद्योजकांची सवलत मिळावी म्हणून!"

"मिळाली ना? मग बँकेला पासपोर्ट यांचा हवा, आणि पत्त्याचा ताजा पुरावाही यांचाच."

बायकोने पर्समधून दोन्ही काढून ठेवले.

"आणि खातं मी चालवायचं असेल तर?" शेठनी पाय आत घेतले.

"यांनी तसा ठराव करून सही द्यायची. शिवाय तुमचा पासपोर्ट."

शेठनी दिला. त्याची मुदत गेल्याच वर्षी संपली होती.

"अहो, मला कोण ओळखत नाही?"

बाईंनी बायकोकडे पाहिलं. "खातं चालवणारी दुसरी व्यक्ती, इथे काय लिहू?"

"सध्या कोणी नाही," बायको सही करत म्हणाली. "यांचे कागद आले की विचार करू."