हनुवटीवरचे ठिपके

"आईच्या हनुवटीवरली शाई तेवढी पुसा," दादासो म्हणाले.

"शाई न्हाय ती. गोंदण हाय," त्यांची धाकटी बहीण शालन म्हणाली.

दोघंही पन्नाशीकडे झुकलेली. कागलहून सकाळच्या एस.टी.नं आली होती आणि बहुधा वाटेतही हेच चाललं होतं. बिंदू चौकाजवळच्या सिकंदरभाईंच्या स्टुडिओत मी जुने फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करायचे. २००३ साल होतं. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलीनं हे काम का धरलं, असं घरचे विचारायचे. मला मात्र ते प्रयोगशाळेसारखंच वाटायचं.

आईचा हा एकच फोटो. तोही पत्र्याच्या ट्रंकेत महापुरात भिजलेला. मागं वडिलांनी निळ्या शाईनं भरभरून लिहिलं होतं. ती शाई कागदातून झिरपून पुढं आली होती आणि आईच्या गळ्यावर, गालावर उलटी अक्षरं उमटली होती. हनुवटीवर चार ठिपके. आई गेली तेव्हा शालनताई पाळण्यात होत्या. येत्या पौर्णिमेला मोठा फोटो विहारात लागणार होता, आणि आपली आई कशी दिसायची हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसणार होतं.

"मी पाच वर्सांचा हुतो. मला आठवतंय की," दादासो म्हणाले. "हनुवटी साफ हुती."

"आत्या म्हणती, गोंदण हुतं."

"आत्याला सकाळी काय खाल्लं ते आठवंना!"

सिकंदरभाई हसले. "पावणं, ब्रश फिरवला तर पाच मिनिटांत सगळं साफ हुतंय. पर मग ती तुमची आई ऱ्हायची न्हाय, क्यालेंडरवरली बाई हुईल."

"पुसायचं नंतर," मी म्हणाले. "आधी शाई कुठली ते शोधू."

स्कॅनरचं झाकण आतून पांढरं असतं. त्यावरून उजेड परततो आणि पातळ कागदामागचं लिखाणही पुढं दिसतं. म्हणून फोटोच्या पाठीवर काळा कागद ठेवून मी पुन्हा स्कॅन केला. गळ्यावरच्या फिक्या ओळी गेल्या. गालावरच्या राहिल्या, हनुवटीवरचे ठिपकेही राहिले. म्हणजे ती नुसती मागची सावली नव्हती; काहीतरी पुढच्या थरातच होतं.

"बगा, शाईच ती," दादासो म्हणाले.

"थांबा की जरा," शालनताईंनी त्यांना दटावलं.

रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर असतात. निळी शाई निळा उजेड परतवते, म्हणून निळ्या थरात ती फिकी दिसते आणि लाल थरात काजळासारखी काळी. जुन्या फोटोतला काळा रंग मात्र चांदीच्या बारीक कणांचा. तो दोन्ही थरांत जवळजवळ सारखाच दिसतो. मी आधी लाल थर दाखवला. चारही ठिपके काळे. मग निळा दाखवला.

गालावरची अक्षरं विरघळल्यासारखी झाली. हनुवटीवरचा डावीकडचा ठिपका गेला. तीन राहिले, त्रिकोणात.

मला मात्र अजून खात्री हवी होती. फोटोची मागची बाजू स्कॅन करून मी ती आरशासारखी उलटवली आणि पुढच्या बाजूवर ठेवली. कागद वाकलेला, त्यामुळे कोपरे जुळले तरी मधला भाग सरकत होता. फाटलेली कड धरून आणि चेहऱ्याचा भाग वेगळा सरकवून शेवटी जुळवलं. डाव्या ठिपक्यामागं पेन टेकल्याचा डाग होता. उरलेल्या तीन ठिपक्यांच्या मागं कोरा कागद.

"हे तीन मागून आलेले नाहीत," मी म्हणाले. "कॅमेऱ्यानं टिपलेत."

दादासो पडद्याजवळ आले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मग मला कोण आठवतंय?"

"काकी," शालनताई म्हणाल्या. "आई गेल्यावर तुला तिनंच न्हाऊ घातलं, शाळंत धाडलं. तिची हनुवटी साफ हुती."

"व्हय," ते म्हणाले. मग पडद्याकडं पुन्हा बघत, "व्हय की."

सिकंदरभाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. मी उलटवलेल्या मागच्या बाजूचा 'मास्क', म्हणजे लिखाणाबाहेरचं सगळं झाकणारा साचा, केला आणि जिथं लिखाण होतं तिथंच उरलेली शाई फिकी करू लागले, एकेक अक्षर. डाव्या डोळ्याखाली शाई इतकी दाट होती की खाली काही उरलंच नव्हतं.

"इथं मी रंग भरला, तर तो माझा अंदाज असेल," मी सांगितलं.

"मग नगा भरू," शालनताई म्हणाल्या. "डाग ऱ्हाऊ दे. आन् ते तीन ठिपकं दारातनं दिसायला पायजेत, एवढा मोठा काढा."

दादासो अजून उभेच होते. त्यांनी खुर्चीवर हात टेकला.

"दादा, बस," त्या म्हणाल्या. "म्याडमचं काम हुईस्तवर बघत बस. आता नीट बघून घे."

ते बसले. मी गालावरच्या पुढच्या ओळीला हात घातला.