उपडी वाटी

दूध उतू जायला पाहिजे होतं आणि ते काही केल्या जात नव्हतं. नव्या घराचं नवं स्वयंपाकघर, नवी शेगडी, नवं पातेलं, भोवती सगळी पाहुणेमंडळी माना उंच करून उभी. दूध चांगलं उकळत होतं, पण काठाशी येतंय म्हणता म्हणता पुन्हा खाली बसायचं. आणि शेगडी पेटवली होती रुक्मिणीनं.

तिथंच तर सगळं अडलं होतं. नवऱ्याला जाऊन वर्षही झालेलं नाही, अशा बाईनं वास्तुशांतीचं दूध चढवायचं नसतं, ते सवाष्णीचं काम, असं मोठ्या नणंदेनं, केराबाईंनी, सकाळी मोडनिंबहून आल्या आल्या बजावलं होतं. चहा घ्यायच्या आधी बरं का! पण सून निवेदिता ऐकेल तर शपथ. "आत्याबाई, हे घर आई-बाबांचं. दूध आईच चढवणार," असं म्हणून तिनं पातेलं सासूच्या हातात ठेवलं होतं. मुलगा हृषीकेश मान खाली घालून भटजींना सुपारी शोधून देत बसला. पुरुषांना अशा वेळी सुपारी बरी सापडत नाही.

रुक्मिणीला मनातून बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगायचं? पण धाकधूकही होती. दूध गेलं नाही तर बोल आपल्यालाच लागणार, आणि आपल्यापायी या पोरीलाही.

"बगा, म्या म्हनलं व्हतं की!" केराबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "आगं, लक्ष्मीला तरी कळतंय कुनाचा हात लागला त्ये. माझ्या भावानं जीव टाकून बांदलं, आन् आता ह्ये असं. हितं सुक न्हाय, मी सांगते."

रुक्मिणीनं पदरानं डोळे टिपले. बोलायचं ते सगळं डोळ्यांत साचलं होतं. बाळूच्या घरात आपल्याच हातानं अपशकुन व्हावा? यापरीस पातेल्याला हात लावला नसता तर बरं झालं असतं.

बाळू म्हणजे तिचा नवरा. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत त्याचा चहाचा गाडा होता. टॉवेल-चादरींच्या कारखान्यांतली माणसं सायकली टेकवून तिथं उभी राहायची. बाळू गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि रुक्मिणी दूध बघायची. बघायची कसली, गप्पांत रमायची! आणि बाळू, तो कुठंही असो, टपरीमागं कप विसळत असो नाहीतर रस्त्यापलीकडं कुणाशी बोलत असो, बरोबर ओरडायचा, "रुक्मे, दूध!" ती दचकून गॅस बारीक करायची. दूध तेवढ्यात काठावर आलेलं असायचं. एकदा तो नव्हता, तेव्हा दूध उतू गेलं, गॅस विझला आणि वास सगळीकडं पसरला. सुदैवानं कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून बाळूनं पातेल्याच्या तळाला पितळेची एक जाड वाटी उपडी टाकायला सुरुवात केली. कुणा जुन्या खवेवाल्याकडून शिकला होता. दुधानं तोंड पोळलं होतं ना, मग ताकही फुंकून प्यायची पाळी.

वाटीनं दूध उतू का जात नाही, ते मात्र त्याला निवेदितानं सांगितलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात सासऱ्यानं तिला गाड्यावर बोलावून विचारलं होतं, "पानी उकळतंय तर गप उकळतंय, ह्या दुधालाच काय माज?" ती हसली. पाण्यातल्या वाफेचा बुडबुडा वर आला की फुटतो, म्हणाली. दुधात प्रथिनं असतात, ती बुडबुड्याभोवती चिवट पापुद्रा धरतात, म्हणून तो फुटत नाही. वर तीच प्रथिनं आणि दुधातली चरबी मिळून साय धरते, तिचं झाकण होतं. दूध तापेपर्यंत खाली काही दिसत नाही. उकळी फुटली की तळातून वाफ एकदम सुटते, बुडबुड्यावर बुडबुडा चढतो, फुटतात त्याहून जास्त तयार होतात, आणि सायीसकट सगळा फेस उभा राहतो. म्हणून आपल्याला वाटतं, आत्ता तर गप होतं आणि एकदम गेलं. वाटीखाली मात्र वाफ साठते आणि मोठा बुडबुडा होऊन भसकन निघते. तो साय फाडतो, फेस मोडतो. आणि वाटी टकटक वाजते.

बाळूला हे इतकं आवडलं की पुढं महिनाभर तो प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगत होता. "माज न्हाय ओ, वाफ कोंडलेली असती बिचाऱ्याच्या पोटात!"

घराचा स्लॅब टाकला त्या दिवशी तो रुक्मिणीला म्हणाला होता, "जन्मभर दूध राखलं. आता वास्तुशांतीला एकदाच मन भरून उतू जाऊ द्यायचं. त्या दिवशी म्या वरडनार न्हाय बग." दुसऱ्याच दिवशी स्लॅबला पाणी मारून घरी आला, आणि छातीत कळ आली. घर पुरं व्हायच्या आधी माणूस गेला.

आता त्याच घरात त्याचं दूध उतू जात नव्हतं. भटजींनी मंत्र संपल्याची खूण केली. घंटा थांबली. केराबाईंनाही दम लागला असावा, त्या गप्प झाल्या. सगळे पातेल्याकडं बघत राहिले आणि स्वयंपाकघर शांत झालं.

टक. टकटक. टक.

रुक्मिणी पातेल्यावर वाकली. तो आवाज तिच्या हाडांत मुरलेला होता. म्हणजे... अगं बाई! सकाळी नवं पातेलं विसळलं, गाड्यावरच्या सामानाच्या बोचक्यातून वाटी काढली, तळाला उपडी ठेवली आणि वरून दूध ओतलं. मन देवाधर्मात होतं, हात मात्र गाड्यावर होता. जित्याची खोड ती. शुभ्र दुधाखाली वाटी कुणाला दिसणार?

निवेदितानंही ऐकलं. दोघींची नजरानजर झाली. सून हळूच म्हणाली, "बाबांची वाटी आहे."

"कसली वाटी?" केराबाई पुढं सरकल्या.

"तुमच्या भावाची, वन्सं," रुक्मिणी म्हणाली. "अजून राखन करतुया."

सांडशी घेऊन तिनं दुधात वाटीचा काठ चाचपला, धरला आणि वाटी वर काढली. पोचा पडलेली, काळवंडलेली वाटी दुधानं निथळत होती. केराबाईंनी ती ओळखली. त्यांनी पदर तोंडाला लावला.

निवेदितानं गॅस मोठा केला. दुधावर आधी साय आकसली, मग कडेनं बारीक फेस धरला. बुडबुड्यावर बुडबुडा चढला, साय मधून फुगली, आणि दूध उठलं.

सवयीनं रुक्मिणीचा हात गॅसच्या बटणाकडं गेला. तिथंच थांबला. ती कान देऊन उभी राहिली.

दूध काठावर आलं. काठावरून ओघळलं. ओट्यावरून पूर्वेकडं वाहत गेलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, कुणी हळदकुंकू टाकलं, भटजी "शुभं भवतु" म्हणाले. रुक्मिणी मात्र अजून वाट बघत होती.

कुणी ओरडलं नाही. बाळूनं शब्द पाळला होता.

गरम वाटी पदरात धरून ती ओट्याशी खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली.