पाचवा प्रश्न: चालू करून पाहिलं का?

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवरच्या बाईने माझ्यासमोर एक छापील कागद सरकवला. सहा प्रश्न होते, सगळे सोपे. पहिल्यालाच मी अडले.

१. काय सांडलं?

पाणी.

हे खोडलं. नुसतं पाणी नव्हतं. सासूबाईंचं पोट बिघडलं होतं, म्हणून मीठ-साखरेचं पाणी करून दिलं होतं. लिहिलं, "मीठ आणि साखर घातलेलं पाणी, एक पेला." बाईने उलटं वाचलं आणि ओठ आवळले. म्हटलं, एवढं वाईट आहे का? ती म्हणाली, "आधी लिहा तर खरं."

२. कधी?

आज सकाळी दहाला. आता चार वाजलेत. सहा तास कुठे गेले ते लिहायला जागा नव्हती.

३. कोणाच्या हातून?

हा प्रश्न कागदावर नव्हता, मीच वाचला. कागदावर होतं, "वॉरंटी आहे का?" नाही, असं लिहिलं.

पण सांगते. सासूबाईंच्या हातून. त्यांचा उजवा हात वर्षापूर्वी लुळा पडला, पण पेला धरायला तोच आधी पुढे येतो. चाळीस वर्षं त्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होत्या. तिथल्या खुणा त्यांच्या बहिऱ्या थोरल्या बहिणीने बसवलेल्या. छापील पुस्तकात त्या नाहीत, आणि बहीणही आता नाही. हात जायच्या आधीच्या हिवाळ्यात मी रोज तासभर त्यांचे व्हिडिओ काढले. चारशे बारा खुणा. सगळ्या या एका लॅपटॉपमध्ये. शाळेतल्या नव्या शिक्षिका या व्हिडिओंचीच वाट बघतायत. दुसरीकडे उतरवून ठेवायला पेन ड्राइव्ह आणला होता, तो अजून पाकिटातच आहे. मला काहीही बोला.

४. सांडल्यावर लगेच काय केलं?

इथे मी ताठ बसले. चार्जर ओढून काढला. बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत सोडलं नाही. माउसची वायर काढली. वरचं पाणी टिपलं आणि लॅपटॉप अर्धा उघडा ठेवून तंबूसारखा टॉवेलवर पालथा घातला, म्हणजे पाणी आल्या वाटेने गळून जाईल. मग या दुकानात फोन केला. "चालू करू नका, लगेच घेऊन या," असं सांगितलं गेलं.

"मीच सांगितलं होतं," बाई म्हणाली. "छान केलंत की सगळं. मग लगेच का नाही आलात?"

सासूबाईंना तशा अवस्थेत एकटं टाकून कशी निघू? नवरा दोन वाजता येणार होता. वाटलं, बंद तर आहे. बंद म्हणजे बंद.

"बंद म्हणजे बंद नसतं, ताई. बॅटरी आत जोडलेलीच असते. बरं, पाचवा भरा."

५. चालू करून पाहिलं का?

नाही.

माझा नवरा शेजारीच उभा होता; सासूबाईंचं पोट थांबल्यावर त्यांच्याजवळ शेजारणीला बसवून आम्ही दोघं निघालो होतो. तो लिफ्टचा मेकॅनिक. त्यांच्याकडे एकच धर्म: काम झालं की लिफ्ट वर-खाली फिरवून बघायची, त्याशिवाय हात धुवायचे नाहीत. तो छताकडे बघायला लागला.

"अरे, तू?"

"एकदाच," तो म्हणाला. "तू आईचं आवरत होतीस. मी पंख्याखाली सुकवला होता चांगला. आणि चालू झाला की! दहा मिनिटं चालला. 'पाऊस'ची खूण बघितली मी, आई तोंडानेही म्हणते ना त्यात. मग आपोआप बंद पडला."

"मला का नाही सांगितलंस?"

"चालू राहिला असता तर सांगणारच होतो."

"नाही" खोडलं. "एकदा."

"आणि मग आईनेही दाबलं," तो म्हणाला. "मी थांबवेपर्यंत. दिवा लागला, पडदा नाही."

"एकदा" खोडलं. "दोनदा."

कागद त्या जागी काळा झाला होता. पेन तिथेच घुटमळत राहिलं. बाई माझ्याकडे बघत होती, नवराही.

"तीनदा" लिहिलं.

"तिसरं कोण?" नवऱ्याने विचारलं.

"निघताना. पिशवीत घालायच्या आधी. काहीच झालं नाही. जरासा जळका वास आला."

"म्हणजे आत्ता मला ओरडत होतीस, आणि तू स्वतः..."

"हो."

"वा!" तो म्हणाला. "घराणंच आहे आपलं."

मला काही कळेना. चालू झाला होता ना? मग बिघडला कधी? पाण्याने बिघडायचा तर पहिल्या दहा मिनिटांत का नाही?

बाईने तोवर मागचं झाकण काढून बॅटरीची जोडणी सोडवली होती. मला भिंगातून बघायला लावलं. आतल्या हिरव्या बोर्डावर पांढरा पापुद्रा, त्यात एक काळा ठिपका.

"पाणी वरून सुकतं, चिपच्या पोटाखाली राहतं," ती म्हणाली. "मीठ तर कुठेच जात नाही. वीज नसेल तर ते हळूहळू खातं, तेवढ्यात आम्ही धुऊन काढतो. तुम्ही बटण दाबलंत की वीज त्या मिठाच्या वाटेने शेजारच्या जोडणीत घुसते. जिथे विजेचा थोडा दाब हवा तिथे भलताच जातो. तांबं झपाट्याने झिजतं, काही भाग जळतात. चालू झाला तो बरा होता म्हणून नाही, जळायचं बाकी होतं म्हणून."

"पण लिफ्ट..." नवरा म्हणाला.

"लिफ्टचा खड्डा पाण्याने भरलाय. वीज सोडून बघाल?"

"बरोबर," तो म्हणाला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

६. आतली माहिती महत्त्वाची आहे का?

हो.

"याची माहिती साठवायची चिप बोर्डालाच चिकटवलेली आहे," बाई म्हणाली. "काढून दुसऱ्यात लावता येत नाही. म्हणजे बोर्ड जगवायलाच हवा. धुते, सुकवते, जळलेलं बदलते, मीटरने एकेक जागा तपासते. मग मी चालू करेन. मी. तुम्ही फोन करून विचारायचंही नाही."

तीन दिवस. नवरा दोनदा त्या गल्लीत "सहज" जाऊन आला.

चौथ्या दिवशी तिचा फोन. बोर्ड उठला, कॉपी सुरू केली, मधेच बसला तो बसलाच. तीनशे एक्क्याऐंशी आल्या. एकतीस नाहीत.

कुठल्या एकतीस? फाइलींना मी फक्त आकडे दिले होते. सासूबाईंनी पलंगावर बसून आलेल्या सगळ्या पाहिल्या आणि न आलेल्या खुणा बोटांवर मोजत सांगितल्या. हसत नव्हत्या, रडतही नव्हत्या. "उधार", "काका", "खोटं बोलू नकोस". बहुतेक दोन हातांच्या.

"काढ फोन," त्या मला म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "तू इथे बस. मागे. उजवा हात पुढे कर."

"मला एकही येत नाही, आई."

"माहितीये. लाज वाटायला हवी होती."

डावा हात त्यांचा, उजवा त्याचा. ग्रीसने काळवंडलेली बोटं हवेत थांबली.

"अंगठा आत. आत म्हणजे आत, शहाण्या. ही काय खूण झाली? याचा अर्थ भलताच होतो."

"काय होतो?"

"तुला सांगायचा नाही."

मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं. "काका"ची सतरा वेळा झाली. अठराव्या वेळी त्या म्हणाल्या, चालेल. मला फरक कळला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पुन्हा काढायला लावली.