आईच्या उंचीचं मेण

मित्रोय बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा उत्तर मला येत होतं, म्हणून अर्थातच त्यांनी मला विचारलं नाही. बोट तिबीकडे केलं.

"तिबेरिउ, मेणबत्ती जळते तो भौतिक बदल की रासायनिक?"

"भौतिक," तिबी ताडकन म्हणाला. "मेण वितळतं, ओघळतं, थंड झालं की पुन्हा घट्ट होतं. मेण ते मेणच राहतं."

मागच्या बाकावरची पोरं खिदळली. बाईंनी त्यांना गप्प केलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "अर्धं बरोबर आहे." तिबीची आई गेल्यापासून त्या त्याच्याशी तशाच बोलायच्या. त्याला ते मुळीच आवडायचं नाही. तो म्हणाला, "अर्धं नाही बाई, पूर्ण. मी रोज बघतो. माझ्याकडे डबा आहे." एवढ्यात घंटा झाली. बाई मला म्हणाल्या, "झाम्फिरा, तू शेजारी बसतेस ना त्याच्या? उद्यापर्यंत दोघांनी मिळून हे समजून घ्या."

मला अक्कल पाजळायला संधी लागतच नसे, आणि इथे तर ती आयती मिळाली होती. शाळा सुटल्यावर मी तिबीच्या मागोमाग त्याच्या घरी गेले.

"कसला डबा रे?" वाटेत विचारलं.

"दाखवतो. हसलीस तर मार खाशील."

आमच्या गावात माणूस गेलं की घरातली म्हातारी बाई त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत सुताने मापते. त्याच सुताची वात करायची, तिच्याभोवती कोमट पाण्यात मऊ केलेलं मधमाशीचं मेण दाबायचं, पाटावर लाटून बोटाएवढ्या जाडीची, माणसाएवढी लांब मेणबत्ती करायची आणि तिचं वेटोळं घालायचं. तिला तोयाग म्हणतात, म्हणजे काठी. पुढल्या अंधाऱ्या वाटेवर गेलेल्याला टेकायला तीच काठी आणि उजेडाला तीच. रोज सकाळी थडग्यापाशी ती थोडी थोडी जाळतात आणि चाळिसाव्याला संपवतात. उरवायची नाही, उरली तर तेवढी वाट अंधारात राहते. तिबीच्या आईची, स्तेलाबाईंची, तोयाग त्याच्या आजीने केली होती. पोटच्या लेकीला सुताने मापायची पाळी शत्रूवरही येऊ नये. चाळिसावा दिवस येत्या रविवारी होता.

स्वयंपाकघरात तिबीने फळीमागून मुरंब्याचा पत्र्याचा डबा काढला. आत मेणाचे ओघळ होते, पिवळे, मळके, काहींना गवताची काडी चिकटलेली.

"थडग्यावरचे?"

"आजी पुढे गेली की मी वेचतो. तिकडे वारा असतो, खूप ओघळतं. बघ, माझा विचार असा आहे. तोयाग आईएवढी होती, बरोबर? जळताना मेण वितळतंय. मी ते सगळं गोळा केलं आणि तेवढ्याच जाडीची मेणबत्ती पुन्हा लाटली, तर लांबी किती येईल?"

मी डब्यातला एक ओघळ उचलून बघितला.

"अगं बोल की! तितकीच येणार. मेण तितकं, जाडी तितकी. म्हणजे आईची उंची परत मिळेल. सूत तर वात होऊन जळलं. फोटोत उंची कळत नाही. दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाही, झाम्फिरा. ती मेणबत्ती मी जाळणार नाही. भिंतीला उभी करून ठेवणार आहे."

तेव्हा कुठे मला कळलं, वर्गात तो इतका का भांडत होता ते. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते.

"गाढवा, सगळं वितळत नाही," मी म्हणाले. "बरंचसं जळतं."

"एकच ना ते!"

"एकच कसं? तुझी आजी मध विकते तो काटा आण. आणि एक साधी मेणबत्ती."

आधी डब्यातलं मेण काट्यावर ठेवलं. मग डबा कढत पाण्याच्या पातेल्यात धरला. थोड्या वेळाने मेण पातळ झालं, मधासारखं. काड्या आणि माती खाली बसली, ती काढून आम्ही पुन्हा वजन केलं. काडीकचऱ्यापुरता फरक सोडला तर आकडा तोच होता.

"बघ!" तिबी ओरडला. "काहीच गेलं नाही!"

"हे वितळणं. घट्टचं पातळ झालं, थंड झालं की पुन्हा घट्ट. मेण ते मेणच. हा झाला भौतिक बदल, इथपर्यंत तू शहाणा. आता ही बघ."

जाड बुंध्याची मेणबत्ती मी काचेच्या ग्लासात उभी केली, म्हणजे ओघळलं तरी मेण बाहेर जाणार नाही. ग्लास काट्यावर ठेवून ती पेटवली. बराच वेळ आकडा हललाच नाही. तिबी छद्मी हसला.

"तुझी शाळा संपली का, बाईसाहेब?"

"थांब जरा. तुला सगळं लगेच पाहिजे."

ज्योतीखाली मेणाचं तळं झालं. थेंबही बाहेर गेला नव्हता. आणि आकडा एकाने उतरला. तिबीने ग्लासाखाली बोट फिरवलं, टेबल पुसून बघितलं, काट्याला चापट मारली. आणखी थोड्या वेळाने तो आणखी एकाने उतरला.

"काटा बिघडलाय."

"मग आजीचा मध घेणाऱ्यांनी बोंब मारली असती."

"मग गेलं कुठे?"

मी थंड चमचा ज्योतीत धरला, त्यावर काजळी आली. कोरडी बरणी थोडी वर उपडी धरली, तर आतून धुकं धरलं.

"मेण आधी वितळतं," मी सांगितलं, "मग वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते, आणि ती वाफ हवेतल्या प्राणवायूबरोबर जळते. त्यातून पाण्याची वाफ होते. हे धुकं तीच आहे. आणि कार्बन डायऑक्साइड होतो, तो दिसत नाही. नीट न जळलेल्या कार्बनची काजळी होते. ह्या सगळ्यात मेण कुठेच नाही. हा रासायनिक बदल."

"धुकं गोळा केलं तर?"

"पाणी मिळेल."

"पाण्याचं मेण?"

"नाही होत, तिबी."

"थंड केलं तरी?"

"कितीही थंड केलं तरी."

तो माझ्याकडे असा बघत होता, जणू हा नियम मीच केला होता. मला वाटलं, आता बास, घरी जावं. पण तो उठला आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आला.

"लाटू तरी. बघू."

मेण कोमट होईस्तो थांबलो. मग आजीच्या पाटावर आम्ही दोघांनी ते दोऱ्याभोवती दाबलं आणि लाटलं. उरलेली तोयाग त्याने जाडी जुळवायला शेजारी ठेवली होती, तळहातावर मावेल एवढं वेटोळं. आमची मेणबत्ती वेडीवाकडी झाली, पण जाडी बरोबर जुळली. मेण संपलं. तिबीने ती जमिनीवर आपल्या पायाशी उभी धरली.

ती त्याच्या गुडघ्यापर्यंत आली.

त्याने तिचं वरचं टोक बोटाने चाचपलं. मग म्हणाला, "एवढीच उरली आई?" मी त्याला शिव्या दिल्या, त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि रडत रडत घरी आले. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, तेव्हा तो उठून म्हणाला, "दोन्ही होतात. वितळणं भौतिक, जळणं रासायनिक. जळलेलं परत येत नाही." बाईंनी शाबासकी दिली. त्याने ती ऐकली नसावी.

रविवारी आम्ही सगळे थडग्यापाशी जमलो. बायकांनी उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद आणला होता, पाद्रीबाबा येऊन प्रार्थना म्हणून गेले होते. तिबीचे वडील स्पेनमध्ये स्ट्रॉबेरीच्या शेतावर होते, त्यांना पुन्हा रजा मिळाली नव्हती. आजीने तोयागचं फडकं सोडलं, तर आत काही नव्हतं. तिबी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून उभा होता. त्या उन्हात जाकीट घालणारा तो एकटाच.

"तिबी, आण इकडे," आजी म्हणाली.

"नाही देणार."

"अरे, तिची वाट अंधारात राहील."

"ही जळली की संपली, आजी. नुसती वितळली असती तर पुन्हा लाटली असती. जळलेलं परत येत नाही. झाम्फिराला विचार."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "खरंय, आजी," मी म्हणाले.

आजी चिडली नाही. तिने विचारलं, "एवढासा तुकडा ठेवून काय करशील, बाळा?"

"एवढीच आहे आईची उंची. आता दुसरीकडे कुठेच नाहीये. आई केवढी होती हे मला विसरायला होईल."

"वेडा रे वेडा. सूत कुणी धरलं होतं तिच्या अंगाला? मला नाही माहीत? आधी विचारायचंस तरी."

आजीने त्याला दंडाला धरून सरळ उभं केलं, टाचा जुळवायला लावल्या आणि आपला हात आडवा करून त्याच्या चेहऱ्यासमोर धरला. हात त्याच्या डोळ्यांशी आला.

"इथपर्यंत."

"खोटं," तिबी म्हणाला. "आई उंच होती. मी तिच्या कानाला लागायचो."

"तेव्हा लागायचास."

दोन वर्षांपूर्वी ईस्टरच्या आधी स्तेलाबाई अंथरुणाला खिळल्या, त्या उठल्याच नाहीत. आणि तिबी त्याच दोन वर्षांत ताडमाड वाढला. शाळेत सगळे त्याच्या आखूड विजारींना हसायचे. त्या पडलेल्या, हा शेजारी खुर्चीवर. दोघं उभी अशी एकमेकांजवळ पुन्हा कधी राहिलीच नव्हती. आपला मुलगा आपल्याहून उंच झाला हे त्यांना कळलं नसेल, आणि त्याला तर त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

आजीचा हात तसाच हवेत होता. तिबीने गुडघे वाकवले. हात त्याच्या कपाळाशी आला, मग डोक्यावर आला. तो आणखी वाकला, हात वर राहीपर्यंत, मान उंचावून त्याच्याकडे बघावं लागेपर्यंत.

"एवढी," तो म्हणाला. "एवढी होती आई."

"हो रे बाळा, एवढी होती," आजी म्हणाली, आणि तिने हात खाली घेतला नाही.

पाय भरून येईस्तो तो तसाच राहिला. मग तो उभा झाला, जाकिटाची चेन खाली ओढली आणि वेटोळं आजीच्या ओंजळीत ठेवलं.