डेल्टाची ओळ

शुक्रवारी सकाळी अकरा चाळीसला मनवा भांगरे अंतर्गत परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन अकोले तालुक्याच्या कॉलेजातल्या स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. गणितात पंधरापैकी चार, पास व्हायला सहा हवेत. नापास झाली की वसतिगृहातली जागा जायची आणि राजूरच्या वरच्या वाडीवरून रोज येणं तिला जमणारं नव्हतं.

“मॅडम, तिसऱ्या प्रश्नाला शून्य का दिलंत?”

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या अंबिका कुलकर्णींनी कागद ओढून घेतला. x तीनकडे जाताना x² ची सीमा नऊ, हे सिद्ध करायचं होतं; म्हणजे x² आणि नऊमधला फरक ε च्या आत राहावा म्हणून x तीनपासून किती अंतराच्या, म्हणजे δ च्या, आत हवा ते सांगायचं. आदर्श उत्तरात ‘δ = १ आणि ε/७ यांतलं लहान’ असं होतं. मनवानं लिहिलं होतं: δ = √(9+ε) − 3. त्यावर लाल फुली.

“हे कुठून आणलंस?”

“कुठून न्हाई. |x+3| हे |x−3| + 6 पेक्षा मोठं होत न्हाई, म्हंजे δ+6 पेक्षा कमीच. मग |x−3| नि |x+3| चा गुणाकार, म्हंजे x² चा नऊपासूनचा फरक, δ(δ+6) पेक्षा कमी. तो ε एवढा पाहिजे, म्हणून वर्गसमीकरण सोडवलं.”

अंबिकाबाईंनी पेन उघडलं, मिटलं, परत उघडलं. ε = 7 घेतला, δ आला 1. दोन्ही उत्तरं एकच. ε = 1 घेतला, δ आला 0.162, ε/७ तर 0.143 च. डावीकडून 2.84 घातलं, फरक 0.93. उजवीकडून 3.16, फरक 0.99. दोन्ही एकाच्या आत. आणि मुलीची सिद्धता सगळ्या ε ना पुरत होती, वर ‘यांतलं लहान’ म्हणायचीही गरज नव्हती.

त्यांना आठवलं: एकच प्रश्न चाळीस पेपरांत सलग तपासताना नजर फक्त डेल्टाच्या ओळीवर जात होती. ओळ जुळली की चार गुण, नाही जुळली की फुली.

विभागप्रमुख एडविन सर चहा ढवळत म्हणाले, “मॅडम, गुण काल पाचला पोर्टलवर बंद झाले. आता दुरुस्ती म्हणजे तुमच्या सहीचं पत्र, चूक तुमची असं लिहून. पुढच्या वर्षी तासिका कुणाला द्यायच्या ती यादी सोमवारी लागतेय, माहीत आहे ना?”

“माहीत आहे, सर.”

“मुलगी बरोबर आहे?”

“पुरेपूर.”

सरांनी कागद उलटसुलट पाहिला. “मला सुचलं नसतं,” ते म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

मनवा दारातच होती. “मॅडम, मी जाऊ का थांबू?”

“थांब. साक्षीला लागशील.”

पत्र बारा वाजून दहा मिनिटांनी लिहून झालं. ‘तपासणीत माझ्याकडून चूक झाली’ हे वाक्य अंबिकाबाईंनी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच लिहिलं. साडेबाराला ते परीक्षा विभागात गेलं. चारला चौकशी केली तेव्हा लिपिक म्हणाला, दुरुस्तीवर सही करणारे साहेब राजूरला गेलेत.

शनिवारी सायंकाळी सहापर्यंत पोर्टलवर मनवाच्या नावापुढे चारच गुण दिसत होते.