चौथ्या मजल्याची भेग

“ही बाई घर घेतेय की भिंतीचा एक्स-रे काढतेय?” जयदेव एजंट कुजबुजला. तो बोलला घरमालक भूपेशच्या कानात, पण रिकाम्या खोलीत कुजबुजसुद्धा घुमते. मी ऐकलं. ऐकूनही तशीच शिलाईचा टेप भिंतीला धरून उभी राहिले.

“राजेंद्र, वरचं टोक धर,” मी नवऱ्याला म्हटलं.

सोनिवलीतली नवी बिल्डिंग, चौथा मजला, बेडरूमच्या खिडकीचा खालचा कोपरा. तिथून एक भेग तिरकी निघून खाली फरशीच्या पट्टीच्या दिशेने गेली होती. लांबी पन्नास इंच. रुंदी कोपऱ्यापाशी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. आम्ही शिवणारी माणसं, आम्हाला सूत बरोबर कळतं.

“ताई, प्लास्टर क्रॅक आहे. प्रत्येक नव्या बिल्डिंगला असतो,” भूपेश म्हणाला.

“असू दे ना. मग करारात लिहू या.”

यावर जयदेवने सामानाची यादी दाखवली. पंखे चार, गिझर एक, ट्यूबलाइट पाच. भिंतीचा रकानाच नव्हता. छापील फॉर्मात भिंत नाही म्हणजे घराला भिंत नाही, असं त्याचं म्हणणं असावं.

मी असं का करत होते? अंबरनाथच्या आधीच्या घरात वॉशबेसिनला जुना तडा होता. घर सोडताना तो आमच्या नावावर निघाला. “तुम्हीच काहीतरी आपटलं असेल,” मालकीण म्हणाली आणि डिपॉझिटमधून आठ हजार कापले. आमच्याकडे पुरावा काय? माझं तोंड. आणि तोंडाची किंमत घर सोडताना शून्य असते.

म्हणून या वेळी टेप लावून सहा फोटो काढले. दोन लांबून, खिडकी आणि रिकामी खोली दिसेल असे. चार जवळून, आकडे वाचता येतील असे. भूपेश, जयदेव आणि मी असा ग्रुप तिथेच बनवला, फोटो टाकले आणि खाली लिहिलं, ‘चावी घेताना बेडरूमच्या भिंतीला ही भेग होती.’ भूपेशने होकाराचं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. माझं समाधान झालं नाही. स्टेशनजवळच्या स्टुडिओत फोटोंच्या प्रिंट काढल्या आणि करारावर सही करायला दोघं आले, तेव्हा प्रिंटच्या मागेही दोघांची सही घेतली.

“शिक्षण किती झालं ताईंचं?” जयदेवने राजेंद्रला विचारलं.

“सातवी. पण वाचते सगळं.”

पुढची पावणेतीन वर्षं मी त्याच खोलीत उल्हासनगर कॅम्प पाचवरून आलेल्या जीन्सच्या खिशांना टीप मारत बसले. मशीन भेगेच्या समोरच्या भिंतीला होतं. दर अकरा महिन्यांनी करार नवा व्हायचा आणि मी पुन्हा टेप लावायची. भेग वाढत होती. पन्नासची त्रेपन्न झाली, मग सत्तावन्न, आता साठ. रुंदी दोन सूत.

दुसऱ्या वर्षी मी घाबरले. वाटलं, माझ्या मशीनमुळे होत असेल का? मग खालच्या मजल्यावरच्या प्रीतीकडे गेले. ती शाळेत शिकवते, तिच्या घरात मिक्सरशिवाय आवाज करणारं काही नाही. बेडरूमचं कपाट सरकवलं, तर तीच भेग, तोच कोपरा, तोच तिरकेपणा. प्रीती म्हणाली, “अगं, आम्ही कपाट लावून टाकलं. कोणाला बोलायचं? सोसायटीत विषय काढला की सगळे गप्प होतात.” त्या दिवसापासून तिच्याही भिंतीला टेप लागू लागला.

मुलाच्या कॉलेजसाठी पुन्हा अंबरनाथला जायचं ठरलं. नियमाप्रमाणे महिनाभर आधी कळवलं. नव्या घराचं डिपॉझिट सोमवारी द्यायचं होतं, आणि ते इथल्या साठ हजारांतूनच जाणार होतं. दुसरी सोय नव्हती. शनिवारी भूपेश आणि जयदेव घर बघायला आले. सोबत भूपेशची आई, तुळशी आजी. जमीन मुळात त्यांची, म्हणून बिल्डरकडून त्यांना फ्लॅट मिळालेले. आजी खुर्चीत बसल्या आणि मी दिलेलं पाणी घोट घोट पिऊ लागल्या.

भूपेश थेट भेगेपाशी गेला. “ताई, हे काय? पंचवीस हजार कापावे लागतील. इंजिनीअरला बोलवायचं, जाळी मारायची, रंग. मला फ्लॅट विकायचाय.”

“ही आधीची आहे, भूपेश दादा.”

“आधी एवढीशी होती. केसासारखी.”

मी पिशवीतून प्रिंट काढल्या. रिकामी खोली, भिंतीवर टेप, पन्नास इंच, एक सूत. मग उलटून मागची सही दाखवली. जयदेवने चष्मा लावला, काढला, परत लावला.

“सही तुमची ना?” मी त्यालाच विचारलं.

“सही… सह्या मी रोज किती करतो ताई. लक्षात नाय राहत.”

“ग्रुपवर तारीख पण आहे. बघा.”

भूपेशने मोबाइल बघितला. स्वतःचा अंगठा बघून त्याचा चेहरा जरा उतरला, पण माणूस हरला नव्हता. “ठीक आहे, होती. पण एवढी कशी वाढली? हे तुमचं मशीन! दिवसभर घर्र घर्र. त्याने भिंत हलली. निम्मे तरी द्या.”

राजेंद्र पुढे सरकला. मी त्याचा हात दाबला. याच वाक्याची मी वर्षभर वाट बघत होते. शिवणाऱ्या बाईच्या घरात काहीही बिघडलं तरी दोष मशीनचाच, हे मला काय नवीन!

मी दुसरा लिफाफा उघडला. “हे खालचं घर. प्रीतीचं. तिच्याकडे मशीन नाही. हा तिचा पहिला फोटो, हा पुढच्या करारावेळचा आणि हा या महिन्याचा. प्रत्येक फोटोच्या दिवशीच माझ्या भिंतीचाही काढलाय. आकडे शेजारी ठेवून बघा. जेवढी माझी वाढली तेवढीच तिची. आता सांगा, माझं मशीन स्लॅबमधून खाली उतरून टीप मारतं का?”

राजेंद्रला हसू आलं. जयदेवलाही आलं, पण त्याने ते खोकल्यात लपवलं.

भूपेशने फोटो शेजारी शेजारी ठेवले. एकेक आकडा ताडून बघितला. मग खिशातून मोबाइल काढला. माझ्या मोबाइलवर मेसेज वाजला. साठ हजार, पूर्ण. मी आकडा दोनदा वाचला आणि मग तिसऱ्यांदा, नुसता आनंदासाठी. सातवी शिकलेल्या बाईने मूठभर फोटो आणि एका टेपवर ही लढाई जिंकली होती, आणि मला कोणी बघत नसतं तर मी त्या खोलीत नाचले असते.

“जाऊ द्या, प्लास्टरच आहे,” जयदेव समजुतीने म्हणाला. “पुट्टी मारली की दिसणार पण नाय. घेणाऱ्याला काय सांगायची गरज नाय.”

“हो, प्लास्टरच,” भूपेश पुटपुटला.

सवयीने माझ्याही ओठांवर “हो” आलं. पैसे मिळाले होते, मला काय करायचं होतं?

तुळशी आजींनी ग्लास खाली ठेवला. उठून भिंतीपाशी गेल्या आणि भेगेत बोटाचं नख घालून उभ्या राहिल्या.

“आये, चल,” भूपेश म्हणाला.

“थांब रं. पलास्टर पलास्टर काय करतंस? या पोरीनं मापून दाखवलं, तरी तुला कलत नाय? हितं आपलं पान्याचं तलं व्हतं, भूपेश. भर टाकून बुजवलं आन् वरती ही बिल्डिंग उभी केली. तुला ठावं हाय, बिल्डरला ठावं हाय, आख्ख्या गावाला ठावं हाय. बिल्डिंग खचतेय, बाला.”