दंडावरचा चौकोन

मोबाइलवर साखरेच्या आकड्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या आणि फर्निचरच्या पॉलिशवाल्याच्या हातातला बोळा गळून पडला. ठकीच्या, त्याच्या लेकीच्या, दंडावरचा सेन्सर तिच्या रक्तातली साखर मोबाइलवर पाठवायचा. ती आत्ता खेळाच्या तासाला मैदानावर असणार. जेवणाआधी तिने इन्सुलिन घेतलं होतं. त्यात पळापळ झाली की साखर धाडकन खाली येते, आणि ती उतरली तरी ठकीला स्वतःला आधी काही जाणवत नाही. त्याने शाळेत फोन लावला. कोणी उचलला नाही. मग तो मालकाला न विचारताच सुटला.

ठकी मैदानाच्या कडेला पायरीवर बसली होती. घामाने थबथबलेली, नजर हरवलेली.

"तू कशाला आलास?" तिची जीभ जड झाली होती.

त्याने तिच्या बोटाला सुई टोचून साखर तपासली. बावन्न, फारच खाली. त्याने ज्यूसचा डबा तिच्या ओठांना लावला. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. ती पंधरा मिनिटं त्याच्या जिवाला युगासारखी गेली. एकोणऐंशी आल्यावरच त्याच्या जिवात जीव आला.

मग त्याने तिची बाही वर केली. सेन्सरवर साधी पट्टी आडवी-उभी चिकटवलेली होती. पट्टी सुटली तसा सेन्सर सहज हातात आला. त्याची बारीक तार कातडीच्या बाहेर लोंबत होती. खाली लालबुंद चौकोन, मधे फुटलेले फोड.

"मघाशी जेवणाच्या सुट्टीत निघाला. मी परत चिकटवला," ठकी पुटपुटली. "तार आत जाईल असं वाटलं."

एकदा बाहेर आलेली तार परत आत जात नसते. त्याने दवाखान्यातल्या सिस्टरना फोन लावून सुटलेला सेन्सर, फोड, सगळं सांगितलं.

"लावण्याआधी दंडावर काही लावलं होतं का?" सिस्टरनी विचारलं.

"लाली होती म्हणून मीच मलम चोळलं. गार वाटावं म्हणून."

"म्हणूनच सुटला. मलमावर डिंक धरत नाही. आणि आलटून पालटून याच दंडावरच्या त्याच दोन जागा वापरल्यात ना? आता हा दंड पूर्ण बरा होऊ द्या. तुमचा सेन्सर पोटावरही चालतो. जागा धुवा, खडखडीत कोरडी करा, मलम नको. फोड दाखवायला उद्या या, कातडीवर आधी लावायचं संरक्षक द्रव्य देते. तोवर बोटानेच तपासा."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाड करायला गेला आणि लेकीचा जीव टांगणीला लावून बसला.

"आधी का नाही सांगितलंस गं, की खाजतंय, दुखतंय?"

ठकीने रिकाम्या डब्यातली नळी उगाच फिरवली.

"मागच्या वेळी फोड बघून तू मोरीत जाऊन रडलास. नळ सोडला होतास, तरी ऐकू येत होतं."

त्याने तिच्या हातातला रिकामा डबा काढून घेतला.

"पुढच्या वेळी सांगशील?"

"तू रडणार नसलास तर."

"नाही रडणार," तो म्हणाला, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

ठकीने त्याची बाही धरून त्याला आपल्याकडे वळवलं. "बरं, रड. पण इथेच बसून."